बिल नंबर ६४ ते ९४

संध्याकाळी साडेसातच्या सुमाराला लातूरच्या ट्यूशन एरियातून गेलात, तर जवळपास प्रत्येक वसतिगृहाच्या दारात डब्यांच्या पिशव्या उतरत असतात. अकरावी-बारावीसाठी, नीटच्या तयारीसाठी नांदेड, परभणी, बीड, धाराशिवकडून आलेली मुलं या डब्यांवर राहतात. कुणाचा महिन्याचा डबा ठरलेला असतो, कुणी रोज फोन करून मागवतं, कुणी ॲपवरून. नांदेडला श्रीनगर, भाग्यनगर या भागांत याहून फार वेगळं काही दिसत नाही. डबा पुरवणारं हॉटेल बहुतेक वेळा लहानच असतं. मालक, घरची दोन माणसं, एखादा आचारी आणि पार्सल पोचवणारी तीन-चार पोरं. अशा हॉटेलातून एका संध्याकाळी पंचवीस घरांत चुकीचा डबा गेला, तर जाहीर माफी कशी लिहावी, ते मला इथे सांगायचं आहे.

माफीचा मजकूर दहा-बारा ओळींचा असतो. पण त्यातली प्रत्येक ओळ खरी लिहिता येणं हे त्याआधीच्या तासा-दीड तासात हॉटेलात काय केलं, यावर ठरतं. जे मोजलंच नाही ते लिहिता येत नाही, आणि मग ‘काही’, ‘थोडी’, ‘असल्यास’ असे शब्द येतात. म्हणून सुरुवात स्वयंपाकघरापासून करतो. पुढचा प्रसंग मी रचलेला आहे, तो कुणा एका हॉटेलाचा नाही. त्यातल्या पायऱ्या मात्र अशा हॉटेलांत रोज घडतात तशाच आहेत.

आषाढी एकादशी. त्या संध्याकाळसाठी ११८ पार्सलं आहेत, त्यांतली ४६ उपवासाची आणि ७२ साधी. उपवासाच्या डब्यात भगर आणि शेंगदाण्याची आमटी. भगर म्हणजे पुण्याकडे जिला वरई म्हणतात ती. साध्या डब्यात भात आणि तुरीच्या डाळीची आमटी. दोन्ही एकाच आकाराच्या गोल प्लॅस्टिकच्या डब्यांत भरलेलं. झाकण लावलं की दोन मिनिटांत आतून वाफ धरते, आणि मग भगर कोणती नि भात कोणता, हे वरून ओळखू येत नाही. आमटीचंही तेच. म्हणजे डब्यात काय आहे हे सांगणारी एकच गोष्ट उरते, वर लावलेला स्टिकर.

आता स्टिकर कसा लागतो ते पाहा. ऑर्डर आली की केओटी निघते, म्हणजे स्वयंपाकघरात जाणारी चिठ्ठी. आचारी डबे भरून टेबलावर ठेवतो, डावीकडे उपवासाचे, उजवीकडे साधे. काउंटरवरची मुलगी बिल पाहते, त्या-त्या बाजूचा डबा उचलते, स्टिकर लावते आणि पिशवीला बिल टाचते. ती डब्यात पाहत नाही. पाहण्याची गरजच नसते, कारण बाजू ठरलेली असते. ही पद्धत चांगली चालते, जोपर्यंत टेबल हलत नाही. आमच्या प्रसंगात ७.३५ ला लाइट जाते. मालक इन्व्हर्टरच्या दिव्याखाली दुसऱ्या टेबलावर डबे हलवायला सांगतात. हलवणारा पोरगा टेबलाच्या समोरच्या बाजूने उभा असतो, त्यामुळे त्याचं डावं ते काउंटरवरच्या मुलीचं उजवं होतं. पाच मिनिटांनी काम पुन्हा सुरू होतं. बिल नंबर ६४ पासून पुढे प्रत्येक डबा उलटा जायला लागतो.

पहिला फोन ७.५५ ला येतो. एका वसतिगृहातली मुलगी सांगते, ‘काका, उपवासाचा डबा मागवला होता, भात आलाय.’ इथे बहुतेक मालक एकच गोष्ट करतात. ‘सॉरी बेटा, पाठवतो दुसरा’ म्हणतात आणि कामाला लागतात. एका फोनवरून याहून जास्त कळणारही नाही. ८.०५ ला दुसरा फोन येतो आणि तो उलटा असतो, साधा डबा मागवला होता, भगर आली. या दुसऱ्या फोनला हातातलं काम थांबलं पाहिजे. सगळ्या तक्रारी एकाच दिशेच्या असतील, तर कुणीतरी एखादा डबा चुकून उचलला असण्याची शक्यता मोठी. दोन विरुद्ध दिशांच्या तक्रारी दहा मिनिटांत आल्या, तर दोन थप्प्यांची अदलाबदल झाली आहे आणि ती अजूनही चालू आहे, असं धरून चालावं.

मालक ८.१० ला पॅकिंग थांबवतात. आता शोधायचं आहे की चूक कुठून सुरू झाली आणि कुठे संपली. शेवट सोपा आहे, थांबवलं तेव्हाचं शेवटचं बिल ९४. सुरुवात शोधायला मागे मागे जावं लागतं. लाइट गेली तेव्हा शेवटचं बिल ६३ होतं, म्हणून ६४ पासून संशय. पण संशयावर थांबायचं नाही. ६३, ६२, ६१ या ग्राहकांना फोन करून ‘तुमच्या डब्यात काय आलं?’ एवढंच विचारायचं. सलग तिघांनी बरोबर सांगितलं की सुरुवात सापडली. ६४ ते ९४ म्हणजे ३१ पार्सलं, त्यांतली १९ उपवासाची, १२ साधी.

काही मालक उरलेल्या मालावरून हिशेब करतात, तोही करून पाहावा, पण त्याची मर्यादा ओळखून. त्या वेळात उपवासाचे १९ डबे जायला हवे होते आणि प्रत्यक्षात १२ गेले, म्हणून टेबलावर उपवासाचे ७ डबे जास्त दिसतील. हे जुळलं की आकडा पक्का होतो. पण त्या वेळात दोन्ही प्रकारच्या ऑर्डरी सारख्याच असत्या, समजा पंधरा-पंधरा, तर उरलेला माल अगदी बरोबर दिसला असता आणि चूक झालीच नाही असं वाटलं असतं. बिलांचे नंबर आणि ग्राहकांचं तोंडचं उत्तर, यांवरच भरवसा ठेवावा.

३१ पैकी ६ पार्सलं अजून पोरांच्या गाडीवर आहेत, ४ उपवासाची आणि २ साधी. त्यांना फोन करून परत बोलावलं. म्हणजे लोकांच्या हातात गेलेली पार्सलं २५. त्यांत १५ उपवासाची, ज्यांत भात आणि तुरीची आमटी गेली, आणि १० साधी, ज्यांत भगर आणि शेंगदाण्याची आमटी गेली. माफीच्या पोस्टमधला गाभा आत्ता तयार झाला, आणि वाजलेत साडेआठ.

आधी फोन कुणाला करायचे? मन त्या पंधरांकडे ओढ घेतं, कारण फोनवर रागावून बोलणारे तेच असतात आणि एकादशीला ताटात भात आला हे त्यांचं दुःख खरं असतं. तरी माझं ठाम मत आहे की पहिले फोन त्या दहांना जावेत. त्यांच्या पोटात, न सांगता, शेंगदाणा गेला आहे. ज्याला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे तो उपवासाची आमटी कधी मागवत नाही. तो साधा डबा मागवतो आणि बिनधास्त खातो. ॲलर्जीचा त्रास बहुतेक वेळा काही मिनिटांत, फार तर तास-दोन तासांत सुरू होतो. अंगावर खाज, ओठ किंवा चेहऱ्यावर सूज, उलटी, श्वास लागणं. श्वास लागतोय असं कुणी म्हणालं तर हॉटेलवाल्याने काही सुचवत बसू नये, लगेच १०८ ला फोन करायला सांगावं आणि स्वतःही करावा. दहा फोनांना दहा-बारा मिनिटं लागतात. मग पंधरा.

शरीराचा प्रश्न आधी घेण्याला आपल्या भागात आणखी एक कारण आहे. भगर आणि विषबाधा हे दोन शब्द मराठवाड्यात लोकांनी एकत्र ऐकलेले आहेत. फेब्रुवारी २०२४ मध्ये नांदेड जिल्ह्यात लोहा तालुक्यातल्या कोष्टवाडीत महाप्रसादानंतर दोन हजारांच्या आसपास लोकांना त्रास झाला आणि रुग्णालयांत जागा पुरेना. अशा बातम्या घरोघर आठवणीत राहतात. त्यामुळे ‘अमुक हॉटेलच्या डब्यात गडबड’ एवढाच निरोप फिरला, तर गावाकडची आई पहिला प्रश्न विचारते, ‘पोरीला काही झालं का?’ भात आला की भगर, हे ती नंतर विचारते. पोस्टमध्ये या प्रश्नाचं उत्तर वरच्या ओळींतच पाहिजे.

पंचवीसच्या पंचवीस जणांशी फोनवर बोलणं झालं असतं, तर जाहीर पोस्टची गरज थोडी होती. पण ते होत नाही. आमच्या प्रसंगात १८ ऑर्डरी फोनवर आलेल्या आहेत, त्यांचे नंबर वहीत आहेत. ७ ऑर्डरी ॲपवरच्या आहेत, आणि ॲपवर ग्राहकाचा खरा नंबर हॉटेलला मिळत नाही. पार्सल पोचल्यावर तो रस्ता बंद होतो आणि कंपनीच्या मदतकक्षाला सांगून वाट पाहणं एवढंच हाती राहतं. शिवाय वसतिगृहात डबा एकीच्या नावावर येतो आणि खाते दुसरीच. जाहीर माफी ही मुळात या लोकांसाठी असते, ज्यांना चूक लागली पण आपण फोनने गाठू शकत नाही. हे एकदा ध्यानात आलं की पोस्टमध्ये काय हवं हे आपोआप ठरतं. वाचणाऱ्याला दोन ओळींत कळलं पाहिजे की माझा डबा त्यातला आहे का, आणि असेल तर मी आत्ता काय करू.

त्यासाठी वेळ ग्राहकाच्या बाजूने लिहावी लागते. हॉटेलला माहीत असतं की पार्सलं ७.४० ते ८.१० मध्ये निघाली. ग्राहकाला ते माहीत नसतं, त्याला पिशवी हातात आली ती वेळ आठवते. म्हणून वाटेतला वेळ धरून ‘७.४५ ते ८.४५ दरम्यान मिळालेलं पार्सल’ असं लिहायचं. बिल नंबर ज्याच्या पिशवीला टाचलेला आहे त्याला नंबर उपयोगी, ज्याने पिशवी फेकली त्याला वेळ उपयोगी. दोन्ही द्यावेत.

बदली डबा पाठवण्यातही एक मोठा धोका आहे, आणि तो महाराष्ट्रातल्या एका खऱ्या प्रकरणात स्पष्ट दिसला. पुण्यात एका वकिलांनी झोमॅटोवरून पनीर बटर मसाला मागवला आणि आलं बटर चिकन. दोन्ही दिसायला सारखं, ग्रेव्ही एकच, त्यामुळे खाऊ लागल्यावर लक्षात आलं. हॉटेलला सांगितल्यावर त्यांनी बदलून देऊ म्हटलं आणि पदार्थ पुन्हा पाठवला. दुसऱ्यांदाही चिकनच आलं. जुलै २०१९ मध्ये पुण्याच्या ग्राहक मंचाने झोमॅटो आणि हॉटेल या दोघांना जबाबदार धरलं. सेवेतल्या त्रुटीबद्दल ५० हजार आणि मानसिक त्रासाबद्दल ५ हजार, अशी ५५ हजारांची भरपाई ४५ दिवसांत द्यायला सांगितली. चूक हॉटेलची आहे, आम्ही फक्त पोचवतो, असं कंपनीचं म्हणणं होतं. हॉटेलने आपली चूक मान्य केली होती. मंचाने दोघांनाही सोडलं नाही.

मला त्या प्रकरणात दंडाच्या रकमेहून दुसरा डबा जास्त महत्त्वाचा वाटतो. पहिली चूक समजून घेणारे लोक असतात. पण माफी मागून पाठवलेला डबाही त्याच टेबलावरून, त्याच पद्धतीने निघाला, तर चूक जिथे होत होती तिथेच पुन्हा होते. आणि या वेळी ती माफीच्या नावाखाली होते. म्हणून बदली डबे नेहमीच्या रांगेतून पाठवू नयेत. मालकांनी स्वतः झाकण उघडून पाहावं, बंद करावं, झाकणावर पेनाने ‘भगर’ लिहावं आणि पोराला सांगावं की ग्राहकासमोर उघडून दाखव. पंधरा डब्यांसाठी हे करायला वीस मिनिटं लागतात. तेवढा वेळ जाऊ द्यावा. एकादशीचा माणूस आधीच तासभर उपाशी थांबलेला आहे, तो आणखी वीस मिनिटं थांबेल, पण पुन्हा भात आला तर नाही.

आता लिहायला बसू. आपल्याकडे अशा वेळी हाताशी एक तयार वाक्य असतं, ‘काही तांत्रिक कारणांमुळे आमच्या काही ग्राहकांची गैरसोय झाली असल्यास आम्ही दिलगीर आहोत.’ हे वाक्य सभ्य दिसतं, पण ज्याच्या ताटात भात आला त्याने ते वाचलं की राग वाढतो. कारण शब्दाशब्दात आहे. ‘तांत्रिक’ म्हणजे यंत्राचं, इथे तर माणसांनी डबे हलवले. ‘काही ग्राहक’ म्हणजे कोण, हे वाचणाऱ्याला कळत नाही. ‘गैरसोय’ हा शब्द बस उशिरा आली तर चालतो, उपवास मोडला त्याला नाही. आणि सगळ्यांत वाईट ते ‘असल्यास’. त्यातून असं निघतं की झालं की नाही याची आम्हाला खात्री नाही, तुम्हाला तसं वाटत असेल तर बघा. ‘भावना दुखावल्या असल्यास’ हाही त्यातलाच. दुखावल्याच आहेत, त्या माणसाने फोनवर तसं सांगितलंही आहे.

मराठीत कर्ता लपवणं फार सोपं आहे, म्हणून इथे जपावं लागतं. ‘चूक झाली’ म्हटलं की चूक पावसासारखी आपोआप पडल्यासारखी वाटते. ‘स्टिकर चुकीचे लागले’ यातही लावणारं कुणी नाही. ‘आम्ही चुकीचे स्टिकर लावले’ असं लिहिलं की वाक्य सरळ उभं राहतं. दुसऱ्या टोकाची चूकही होते, ‘नवीन पोराकडून झालं.’ असं लिहून मालक स्वतः बाजूला होतात आणि दोनशे रुपये रोजाने काम करणारा मुलगा पूर्ण गल्लीत उघडा पडतो. टेबल हलवायला सांगितलं मालकांनी, सारखे डबे विकत आणले मालकांनी. ‘आम्ही’ हाच शब्द खरा आहे. दिलगिरी आणि माफी यांतही फरक आहे. दिलगिरी म्हणजे वाईट वाटणं, ते शेजाऱ्यालाही वाटू शकतं. माफी ज्याने केलं तोच मागतो.

यावर अमेरिकेत झालेला एक अभ्यास मला उपयोगी वाटतो. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या रॉय लेविकी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१६ मध्ये ७५५ लोकांसमोर माफीची वेगवेगळी वाक्यं ठेवून पाहिली. माफीचे सहा भाग त्यांनी धरले होते, खेद, चूक कशी झाली याचा खुलासा, जबाबदारी मान्य करणं, पुन्हा होणार नाही ही ग्वाही, भरपाईची तयारी आणि क्षमेची विनंती. लोकांवर सर्वांत जास्त परिणाम जबाबदारी मान्य करण्याचा झाला, त्याखालोखाल भरपाईचा. ‘आम्हाला क्षमा करा’ या विनंतीचा परिणाम सर्वांत कमी. आपल्याकडच्या पोस्टमध्ये बहुधा उलटं असतं, क्षमेची विनंती तीनदा आणि पैसे कसे परत मिळतील हे एकदाही नाही.

मालक विचारतात, ‘एवढं स्पष्ट लिहिलं तर केस होणार नाही का?’ काही देशांत माफी मागणं म्हणजे दोष कबूल करणं नव्हे असं सांगणारे स्वतंत्र कायदे आहेत. हाँगकाँगने २०१७ मध्ये असा कायदा केला. आपल्याकडे तसं संरक्षण नाही, लिहिलेलं पुढे दाखवलं जाऊ शकतं. म्हणून जे मोजून पाहिलं तेच लिहावं, आणि जे माहीत नाही त्याबद्दल शब्द देऊ नये. ‘कुणालाही त्रास होणार नाही’ हे हॉटेलवाल्याला माहीत असू शकत नाही. ‘अन्न आज संध्याकाळीच शिजवलेलं आहे’ हे माहीत असतं. पण बिल, फोन आणि पिशवीचा फोटो ग्राहकाकडे असताना चूक नाकारून काही साधत नाही.

पैशांचं काम दोन वाटांनी जातं आणि पोस्टमध्ये दोन्ही सांगाव्या लागतात. फोनवरच्या १८ जणांना मालक स्वतः यूपीआयने पैसे परत करू शकतात. ॲपवरच्या ७ जणांचे पैसे हॉटेलकडे थेट आलेलेच नसतात. ते कंपनीकडून परत जातात, आणि त्यासाठी ग्राहकाने ॲपमध्ये फोटोसह तक्रार नोंदवावी लागते. हॉटेल एवढंच करू शकतं की ती तक्रार मान्य करेल. हे न सांगितल्यामुळे ‘पैसे देतो म्हणाले आणि दिले नाहीत’ असा दुसरा राग उभा राहतो. उपवासाचा डबा ११० रुपये आणि साधा ९० धरला तर १५ आणि १० मिळून २,५५० रुपये. लहान हॉटेललाही हा भार एका दिवसात पेलतो. अर्धे पैसे किंवा पुढच्या वेळी सूट, असं काही देऊ नये. पुढच्या वेळी या माणसाला तुमच्याकडे यायचंच आहे, हे तुम्ही कसं ठरवणार?

याच ठिकाणी एक सावधगिरी हवी. पैसे परत मिळणार हे जाहीर झालं की त्या नावाने फसवणारे फोन करू शकतात, ‘हॉटेलमधून बोलतोय, हा कोड स्कॅन करा, पिन टाका.’ पैसे घ्यायला पिन कधीच लागत नाही. ही एक ओळ पोस्टमध्ये असावी, कारण वाचणारी सतरा वर्षांची मुलं आहेत आणि त्यांच्या खात्यात घरच्यांनी पाठवलेले महिन्याचे पैसे आहेत.

उपवासाबद्दल काय लिहावं? ‘अजाणता खाल्लं तर दोष लागत नाही’ असं कुणीतरी सुचवतं. ते लिहू नये. ते ग्राहकाची आजी म्हणू शकते, हॉटेल नाही. कुणाचा उपवास कशाने मोडतो आणि त्याचं पुढे काय करायचं, हे त्यांचं त्यांनी ठरवायचं असतं. आपण आपलं केलेलं सांगावं आणि गप्प राहावं. विनोदही टाळावा. फेब्रुवारी २०१८ मध्ये ब्रिटनमध्ये केएफसीकडे कोंबडीच पोचली नाही आणि शेकडो दुकानं बंद पडली, तेव्हा त्यांनी वर्तमानपत्रांत रिकाम्या डब्यावर आपल्याच नावाची अक्षरं उलटसुलट छापून माफी मागितली. तिचं खूप कौतुक झालं. पण तिथे लोकांना जेवण मिळालं नव्हतं एवढंच. कुणाच्या व्रतात किंवा पोटात नको ते गेलं नव्हतं.

तर सव्वानऊला मजकूर असा होतो:

‘आज आषाढी एकादशीला आमच्याकडून गेलेल्या ३१ पार्सलांवर आम्ही चुकीचे स्टिकर लावले. ६ पार्सलं आम्ही वाटेतून परत आणली, २५ ग्राहकांपर्यंत पोचली. बिल नंबर ६४ ते ९४, किंवा संध्याकाळी ७.४५ ते ८.४५ दरम्यान मिळालेलं पार्सल असेल तर ते खाऊ नका. उपवासाच्या १५ डब्यांत भात आणि तुरीच्या डाळीची आमटी गेली आहे. साध्या १० डब्यांत भगर आणि शेंगदाण्याची आमटी गेली आहे. शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या कुणी ती खाल्ली असेल आणि खाज, सूज किंवा श्वासाचा त्रास वाटत असेल तर लगेच १०८ ला फोन करा आणि मग आम्हाला कळवा. अन्न आज संध्याकाळीच शिजवलेलं आहे, डबे एकमेकांत बदलले आहेत. उपवास करणाऱ्यांच्या ताटात आम्ही धान्य पाठवलं, आणि न विचारता काही जणांना शेंगदाणा खायला दिला, याची आम्ही माफी मागतो. पूर्ण पैसे परत देत आहोत. फोनवर ऑर्डर दिली असेल तर आज रात्री यूपीआयने येतील. ॲपवरून दिली असेल तर ॲपमध्ये फोटोसह तक्रार करा, आम्ही ती मान्य करू. पैसे घेण्यासाठी पिन लागत नाही, कुणी मागितला तर देऊ नका. उपवासाचा डबा हवा असेल तर रात्री साडेदहापर्यंत पाठवू.’

खाली मालकांचं नाव, फोन, तारीख आणि वेळ. तारीख पोस्टच्या मजकुरातच असावी, कारण असे निरोप पुढे पुढे जात राहतात आणि चार महिन्यांनी कार्तिकी एकादशीला कुणीतरी तोच निरोप आजचा म्हणून पाठवतं. मजकूर फोटोत न टाकता अक्षरांतच द्यावा, म्हणजे वसतिगृहाच्या बाईंना तो पालकांच्या गटावर जसाच्या तसा टाकता येतो. आणि एक छापील प्रत काउंटरवर लावावी, कारण महिन्याचा डबा असलेली बरीच मुलं मोबाइलशिवाय राहतात.

दुसऱ्या दिवशी, द्वादशीला, आणखी एक छोटा निरोप जायला हवा, आणि तो बहुतेक ठिकाणी राहून जातो. पहिल्या रात्री चूक कशी झाली हे घाईत सांगण्यापेक्षा काय झालं हे सांगणं गरजेचं होतं. आता कारण सांगता येतं. दिवा गेल्यावर टेबल हलवलं आणि बाजू बदलल्या. त्यावर ‘यापुढे काळजी घेऊ’ हे उत्तर नाही, कारण काळजी त्या दिवशीही घेतली जात होती. उपाय असा हवा की पुन्हा दिवा गेला आणि पुन्हा टेबल हललं, तरी डबा चुकू नये. माझ्या मते यासाठी एकच खात्रीचा मार्ग आहे, उपवासाचा डबा चौकोनी आणि साधा गोल. मग डावं-उजवं, वाफ, अंधार यांतलं काहीही आड येत नाही. हाताला कळतं. चौकोनी डबा थोडा महाग पडतो. रंगीत स्टिकर त्याहून स्वस्त आहेत, पण मुळात चूक झाली ती स्टिकर लावतानाच.

पंधरा दिवसांनी कामिका एकादशी येते. त्या संध्याकाळी बिल नंबर ६४ ते ९४ मधल्या ज्या ग्राहकांनी पुन्हा डबा मागवला असेल, त्यांचा डबा मालकांनी स्वतः उघडून पाहावा, आणि पोराने दारात झाकण काढून दाखवावं.